स्थलांतरी पक्ष्यांना वाट कशी सापडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की धोबी, शंकर, वटवटे दिसू लागतात आणि त्याबरोबर हे प्रश्नही येतात. इथली उत्तरं मुख्यतः रात्री उडणाऱ्या लहान पक्ष्यांबद्दल आहेत, कारण सर्वांत नेमके प्रयोग त्यांच्यावरच झाले आहेत. बगळे, करकोचे, शिकारी पक्षी यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

पक्ष्याकडे होकायंत्र असतं की नकाशा?

दोन्ही असू शकतात, पण ती एकाच वेळी मिळत नाहीत. होकायंत्र उत्तर कुठे आहे एवढंच सांगतं. आपण या क्षणी कुठे आहोत आणि मुक्काम आपल्यापासून कोणत्या बाजूला आहे, हे कळायला नकाशा लागतो. हा फरक डोक्यात पक्का बसला नाही तर पुढची सगळी उत्तरं एकमेकांत मिसळतात.

तो उलगडून दाखवणारा प्रयोग डच पक्षीशास्त्रज्ञ पर्डेक यांचा, १९५८ साली प्रसिद्ध झालेला. बाल्टिक समुद्राच्या आसपास वाढणारे युरोपीय स्टार्लिंग (हिवाळ्यात आपल्याकडे थव्यांनी येणाऱ्या भोरड्यांचे जवळचे नातलग) शरद ऋतूत नेदरलँड्सवरून जातात आणि दक्षिण इंग्लंड, उत्तर फ्रान्स या पट्ट्यात हिवाळा काढतात. हेग शहराजवळ असे अकरा हजारांहून जास्त पक्षी पकडून त्यांच्या पायात कड्या घातल्या आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं. म्हणजे नेहमीच्या वाटेपासून साधारण ७५० किलोमीटर आग्नेयेला.

पुढे यांतल्या साडेतीनशेच्या आसपास पक्ष्यांच्या कड्या परत कळल्या. ज्यांनी आधी एकदा तरी हा प्रवास केला होता, ते प्रौढ पक्षी वायव्येला वळले आणि आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाच्या रोखाने गेले. त्या दिशेने ते आयुष्यात कधी उडाले नव्हते. त्याच वर्षी जन्मलेले पक्षी मात्र जणू काही झालंच नाही अशा रीतीने पश्चिम-नैर्ऋत्येला उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये जाऊन पोहोचले. पिल्लांकडे दिशा होती, जागेचं भान नव्हतं. प्रौढांकडे दोन्ही होतं.

पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लाला दिशा कोण सांगतं? आईबाप?

करकोचे, बदकं, हंस यांच्यात पिल्लं मोठ्यांबरोबर उडतात आणि वाट शिकतात. बहुतेक लहान गाणारे पक्षी मात्र रात्री, एकेकटे निघतात, आणि त्यांची दिशा जन्मजात असते.

आपल्याकडचं सर्वांत सरळ उदाहरण चातकाचं. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून आलेली मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लू वाढवतात सातभाई, जे गावाची शीव ओलांडत नाहीत. तरीही पावसाळा सरला की ते पिल्लू निघतं, तेही शिकवायला कुणी नसताना.

ही दिशा आनुवंशिक आहे हे जर्मनीत ब्लॅककॅप या वटवट्याच्या जातीवर तपासलं गेलं. पश्चिम युरोपातले ब्लॅककॅप शरदात नैर्ऋत्येला जातात, पूर्वेकडचे आग्नेयेला. दोन्हींचा संकर केला तेव्हा पिंजऱ्यातल्या संकरित पिल्लांनी मधली, जवळपास दक्षिणेची दिशा धरली. किती दिवस उडायचं याचाही आराखडा रक्तातच असतो: स्थलांतराच्या हंगामात पिंजऱ्यातला पक्षी रात्री अस्वस्थ होऊन फडफडत राहतो, आणि लांब जाणाऱ्या जातींमध्ये ही अस्वस्थता जास्त दिवस टिकते. थोडक्यात, पहिल्या वर्षीच्या पक्ष्याला मिळालेली सूचना साधी असते: अमुक दिशेने, अमुक दिवस. वाटेत जोराच्या वाऱ्याने तो बाजूला ढकलला गेला, तर ही सूचना स्वतःहून दुरुस्त होत नाही. पहिल्याच प्रवासात इतके पक्षी का भरकटतात, याचं मोठं कारण हेच.

पक्ष्याला चुंबकीय क्षेत्र कळतं हे सिद्ध कसं केलं?

उडणाऱ्या पक्ष्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या पायांचे ठसे बघितले जातात. यासाठी अमेरिकेत एमलेन पितापुत्रांनी १९६६ मध्ये एक सोपं साधन तयार केलं. नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा, तळाला शाईचा पॅड, उतरत्या भिंतींना टीपकागद, वर जाळी. स्थलांतराच्या हंगामातला पक्षी संध्याकाळनंतर यात ठेवला की ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या भिंतीवर तो उड्या मारतो आणि घसरून पुन्हा तळाला येतो. तासाभराने कागद उलगडला की कोणत्या बाजूला ठसे दाट आहेत ते दिसतं. पुढे शाईऐवजी ओरखडे उमटणारा कागद वापरात आला.

एकट्या पक्ष्याच्या एका कागदावरून काही ठरत नाही. काही पक्षी सगळीकडेच उड्या मारतात, काही नुसते बसून राहतात. अनेक पक्ष्यांच्या सरासरी दिशा एका वर्तुळावर मांडल्यावर त्या एका बाजूला गोळा होतात की विखुरतात, हे पाहायचं. ‘पक्षी गोंधळले’ असं संशोधक म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ते ठिपके वर्तुळभर पसरले, एवढाच असतो.

फ्रँकफर्टमध्ये मेर्केल आणि विल्चको यांनी युरोपीय रॉबिन बंद खोलीत ठेवले. (हा रॉबिन म्हणजे आपला दयाळ नव्हे, तो तांबड्या छातीचा, त्याहून लहान पक्षी.) आकाश दिसत नव्हतं, तरी वसंतात ते उत्तरेची बाजू धरत. पिंजऱ्याभोवती तारेची मोठी वेटोळी लावून वीज सोडली आणि चुंबकीय उत्तर दुसरीकडे फिरवली, तर पक्षीही तिकडे फिरले.

म्हणजे त्यांच्या डोक्यात होकायंत्राची सुई आहे?

नाही, आणि या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. १९७२ साली वोल्फगांग आणि रोस्विथा विल्चको यांनी वेटोळ्यांच्या मदतीने क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटा केला. सुईच्या होकायंत्राला यात काहीच फरक पडत नाही. सुई पूर्वीसारखीच उत्तर दाखवते. रॉबिन मात्र पूर्ण उलटे फिरले आणि दक्षिणेला तोंड करून उड्या मारू लागले.

याचं कारण असं. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात, त्या कललेल्या असतात. उत्तर गोलार्धात त्या उत्तरेच्या बाजूला जमिनीत शिरतात. जर्मनीत हा कल जवळजवळ ६६ अंशांचा, म्हणजे बऱ्यापैकी उभा. अलिबागला तो पंचवीस अंशांच्या थोडा वर. पक्षी उत्तर-दक्षिण ओळखत नाही, तर रेषा कोणत्या बाजूला खाली झुकते ते ओळखतो. झुकते ती ध्रुवाची बाजू, उलटी ती विषुववृत्ताची. विल्चकोंनी उभा घटक उलटवला तेव्हा रेषा दक्षिणेकडे झुकू लागली आणि रॉबिनच्या लेखी ध्रुव त्या बाजूला गेला.

यातून एक अडचण उभी राहते. चुंबकीय विषुववृत्तावर रेषा पूर्ण आडव्या असतात. भारतात हा पट्टा दक्षिण टोकाजवळून जातो. तिथे कलावर चालणारं होकायंत्र काहीच सांगू शकत नाही, आणि ते ओलांडल्यावर तीच सूचना उलटी लागू पडते: आधी ‘विषुववृत्ताकडे’ म्हणजे दक्षिण होती, आता दक्षिण म्हणजे ‘ध्रुवाकडे’. युरोपातून आफ्रिकेच्या दक्षिण भागात जाणाऱ्या गार्डन वॉर्बलरवर हे तपासलं तेव्हा, काही काळ आडव्या क्षेत्रात ठेवलेल्या पक्ष्यांनी पसंतीची बाजू आपोआप बदलली. विषुववृत्ताची आडवी रेषाच त्यांच्यासाठी कळ फिरवते.

हे जाणवतं कुठे, चोचीत की डोळ्यात?

होकायंत्रापुरतं बोलायचं तर पुरावा डोळ्याकडे बोट दाखवतो. पहिला धागा उजेडाचा. निळ्या आणि हिरव्या प्रकाशात रॉबिन नीट दिशा धरतात. फक्त तांबडा प्रकाश असला की विखुरतात. सुईला प्रकाशाशी काही देणंघेणं नसतं, म्हणजे इथे प्रकाशावर चालणारी काही रासायनिक क्रिया असली पाहिजे.

संशय आहे तो डोळ्याच्या पडद्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर. निळा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसरीकडे उडी घेतो आणि दोन सुटे इलेक्ट्रॉन उरतात. ही जोडी काही लाखांश सेकंदच टिकते, पण तेवढ्यात पृथ्वीच्या अतिशय क्षीण क्षेत्रानेही तिची अवस्था बदलू शकते, आणि शेवटी किती प्रमाणात कोणतं रसायन तयार होतं ते त्यावर ठरतं. २०२१ मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत वेगळं काढून तपासलं, तेव्हा ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देताना दिसलं. कोंबडी आणि कबुतराच्या त्याच प्रथिनापेक्षा रॉबिनचं जास्त संवेदनशील निघालं. मात्र ते प्रयोगनळीतलं होतं, जिवंत डोळ्यातलं नव्हे, आणि त्यासाठी वापरलेलं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा बरंच प्रबळ होतं. पुरावा भक्कम होत चालला आहे. साखळीतली शेवटची कडी जोडायची आहे.

दुसरा धागा मेंदूचा. ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी रॉबिनच्या मेंदूतला ‘क्लस्टर एन’ हा दृष्टीशी जोडलेला भाग निकामी केला. त्या पक्ष्यांचं चुंबकीय होकायंत्र गेलं, पण ताऱ्यांवरून आणि सूर्यावरून ते दिशा धरत होते. चोचीकडून येणारा मज्जातंतू तोडलेल्या पक्ष्यांचं चुंबकीय होकायंत्र मात्र शाबूत राहिलं.

चोचीत लोहाचे कण असतात ही जुनी कल्पना अजून पुष्कळ लेखांमध्ये फिरते. कबुतरांच्या चोचीतल्या त्या लोहयुक्त पेशी २०१२ मध्ये बारकाईने तपासल्या, तेव्हा त्या मज्जापेशी नसून शरीरात सफाई करणाऱ्या साध्या पेशी असल्याचं दिसलं. तरी चोचीकडचा मज्जातंतू निरुपयोगी ठरत नाही. त्याचं काम बहुधा नकाशाशी आहे, त्याबद्दल पुढे.

मोबाइल टॉवरमुळे पक्षी वाट चुकतात का?

पक्ष्यांच्या दिशाज्ञानावर रेडिओ लहरींचा परिणाम होतो, पण मोबाइलच्या लहरींचा होतो असं या प्रयोगांतून निघत नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांमध्ये ठेवलेले रॉबिन वर्षानुवर्षं दिशाच धरेनात. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, म्हणजे नीट अर्थिंग केलं, तेव्हा पक्षी लगेच ताळ्यावर आले. अर्थिंग काढलं की पुन्हा विखुरले. पृथ्वीचं क्षेत्र ॲल्युमिनियममधून सहज पार होतं; अडली ती फक्त शहरातल्या विद्युत उपकरणांची रेडिओ गडबड. कोणत्या खोलीचं अर्थिंग चालू आहे हे नोंदी करणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि प्रयोग अनेक वर्षं वेगवेगळ्या हातांनी करून पाहिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार त्रास देणाऱ्या लहरी ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या होत्या. शहराबाहेर, मोकळ्या रानात हेच पक्षी पत्र्याशिवायही दिशा धरत होते.

पुढच्या प्रयोगांत वरची मर्यादा शोधली. ८० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी वटवट्यांचं होकायंत्र बिघडलं, १४० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींनी बिघडलं नाही. मोबाइलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झपासून पुढे असतात. टॉवरला धडकून पक्षी मरतात हे खरं, पण ते दिवे आणि ताणतारा यांमुळे.

विद्युत गडबडीमुळे चुंबकीय मोजमाप बिघडण्याचा अनुभव मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच आला आहे. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं. ती वेधशाळा आजही चालू आहे.

ताऱ्यांवरून दिशा म्हणजे पक्षी ध्रुव तारा ओळखतात?

तसं नाही. पक्षी आकाश कशाभोवती फिरतं ते ओळखतात. स्टीफन एमलेन यांनी हे इंडिगो बंटिंग या अमेरिकन पक्ष्यावर तारांगणात दाखवलं. आपल्या शेतांत हिवाळ्यात दिसणारे भारीट याच ठेवणीचे.

पकडलेले बंटिंग नरसाळ्याच्या पिंजऱ्यात घालून तारांगणाच्या घुमटाखाली ठेवले. खऱ्या आकाशासारखे तारे दाखवले की शरदात ते दक्षिणेकडे उड्या मारत. घुमटातली उत्तर-दक्षिण उलटवली की तेही उलटत. मग एकेक तारकासमूह झाकून पाहिला. ध्रुव तारा झाकला, चाललं. सप्तर्षी झाकले, तरी बऱ्याच पक्ष्यांचं चाललं, कारण शर्मिष्ठा आणि आसपासचे तारे उरले होते. ध्रुवाभोवतीचं साधारण ३५ अंशांपर्यंतचं सगळं आकाश काढून टाकलं, तेव्हा मात्र ते गोंधळले.

खरा प्रश्न होता हे शिकतात कसं. एमलेन यांनी पिल्लं हातावर वाढवली आणि त्यांना आकाश दिसू दिलं नाही. एका गटाला तारांगणातलं नेहमीसारखं, ध्रुवाभोवती फिरणारं आकाश दाखवलं. दुसऱ्या गटाला तेच तारे, पण फिरण्याचा केंद्रबिंदू मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबूस तारा. तिसऱ्या गटाला तारे दाखवलेच नाहीत. शरदात तिन्ही गटांना स्थिर आकाशाखाली ठेवलं. तिसरा गट विखुरला. पहिला दक्षिणेला वळला. दुसऱ्या गटाने काक्षीच्या विरुद्ध बाजू धरली: त्यांच्यासाठी काक्षी हाच ध्रुव झाला होता.

म्हणजे ताऱ्यांचा नकाशा जन्मजात नसतो. जन्मजात असतो तो नियम, की जो भाग सर्वांत कमी हलतो त्याच्यापासून दूर जा. घरटं सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हे शिकणं झालं पाहिजे. एकदा शिकल्यावर आकाश फिरताना पाहावं लागत नाही. ढगांच्या फटीतून दिसलेला तुकडाही पुरतो. हा नियम टिकाऊही आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे हजारो वर्षांत ध्रुवाजवळचा तारा बदलतो, पण फिरण्याचं केंद्र प्रत्येक पिढीला नव्याने दिसतंच.

चुंबक एक सांगतो आणि आकाश दुसरं, तेव्हा पक्षी कुणाचं ऐकतो?

चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर जुळत नाहीत, आणि उत्तर कॅनडासारख्या भागात हा फरक दहा-वीस अंशांहून जास्त असतो. त्यामुळे हा प्रश्न पक्ष्यासाठी रोजचाच आहे. त्याचं उत्तर मोकळ्या उडणाऱ्या पक्ष्यांवर मिळालं, म्हणून त्याचं मोल मोठं.

कॉकरन, मॉरित्सेन आणि विकेल्स्की यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाला. वसंतात उत्तरेला निघालेले कस्तुरवर्गीय लहान पक्षी पकडून पाठीवर चिमुकला रेडिओ प्रेषक बसवला. सूर्यास्ताच्या सुमारास काही पक्ष्यांना बाहेर, आकाश दिसेल अशा पिंजऱ्यात ठेवून भोवतालचं चुंबकीय क्षेत्र पूर्वेकडे वळवलं. अंधार पडल्यावर, कृत्रिम क्षेत्र बंद करून त्यांना सोडलं आणि छपरावर ॲंटेना लावलेल्या गाडीने रात्रभर पाठलाग केला. काही पक्ष्यांचा माग शेकडो किलोमीटर घेतला.

ज्यांना काही केलं नव्हतं ते उत्तरेकडे गेले. क्षेत्र फिरवलेले पक्षी त्या रात्री पश्चिमेकडे गेले. हिशेब मांडून बघा. संधिप्रकाशात पक्ष्याने मावळत्या सूर्याच्या बाजूवरून खरी उत्तर ठरवली. त्या वेळी त्याचं चुंबकीय होकायंत्र पूर्वेकडे बोट दाखवत होतं, म्हणून त्याने नोंद केली की मला जायचं ते ‘चुंबकीय उत्तरेच्या डावीकडे, जवळपास काटकोनात’. सोडल्यावर क्षेत्र पूर्ववत झालं, नोंद तीच राहिली, आणि खऱ्या उत्तरेच्या डावीकडे काटकोनात म्हणजे पश्चिम. वर तारे स्पष्ट दिसत असूनही त्याने त्यांच्याकडे पाहून चूक सुधारली नाही.

आणि दुसऱ्या संध्याकाळी? नेहमीच्या क्षेत्रात नवा सूर्यास्त पाहिल्यावर तेच पक्षी पुन्हा उत्तरेला वळले. होकायंत्र रोज संध्याकाळी सूर्यास्ताशी जुळवून घेतलं की चुंबकीय फरक वाढत गेला तरी चूक साठत नाही. सगळ्याच जातींत हा क्रम असाच असतो असं मात्र नाही. पिंजऱ्यातल्या काही प्रयोगांत सूर्यास्ताचा असा प्रभाव दिसलेला नाही.

मग प्रौढांचा नकाशा कशाचा बनलेला असतो?

निदान एका जातीत त्यातला मोठा भाग चुंबकीय आहे. बोरूच्या बेटांत राहणारा युरोपीय रीड वॉर्बलर (आपल्याकडच्या बोरू वटवट्यांचा भाऊबंद) वसंतात बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिबाची इथून ईशान्येकडे जातो. तिथे पकडलेले पक्षी १,००० किलोमीटर पूर्वेला, मॉस्कोजवळ नेले. पिंजऱ्यात त्यांनी ईशान्य सोडून वायव्य धरली, म्हणजे आपण पूर्वेला आलो आहोत हे त्यांना उमगलं होतं. चोचीकडचा मज्जातंतू तोडलेले पक्षी मात्र तिथेही ईशान्येलाच उड्या मारत राहिले.

नंतर पक्ष्यांना रिबाचीतच ठेवून फक्त चुंबकीय क्षेत्र मॉस्कोजवळच्यासारखं केलं. हवा तीच, वास तेच, आकाश तेच. तरीही ते वायव्येला वळले.

क्षेत्राची तीव्रता आणि कल साधारण उत्तर-दक्षिण बदलत जातात, म्हणून ते अक्षांशासारखे उपयोगी पडतात. स्वीडनमध्ये थ्रश नाइटिंगेलच्या पिल्लांना पिंजऱ्यातच उत्तर इजिप्तचं क्षेत्र दिलं, तेव्हा पुढे सहारा ओलांडायचा असल्यासारखी त्यांनी जास्त चरबी साठवली. पण या नकाशाची बारकाई मर्यादित आहे. क्षेत्र किलोमीटरमागे इतकं थोडं बदलतं आणि दिवसभरात स्वतःच इतकं हेलकावतं, की त्यावरून एखादं तळं सापडणार नाही. प्रदेश सापडेल. शेवटचे काही किलोमीटर दुसऱ्याच गोष्टीवर चालतात.

नद्या, डोंगर, किनारे यांचा उपयोग नेमका कधी होतो?

दोन ठिकाणी: मुक्कामाजवळ आणि दिवसा उडणाऱ्यांच्या वाटेवर. कबुतरांना दुधी काचेसारखी भिंगं लावून सोडण्याचा प्रयोग सत्तरच्या दशकात झाला. काही मीटरपलीकडचं काहीही स्पष्ट दिसत नसताना त्यांतली बरीच खुराड्यापासून काही किलोमीटरवर येऊन पोहोचली, आणि तिथे अडली. दुरून दिशा काढायला खुणा लागत नाहीत. घर शोधायला लागतात.

वाटेवरच्या खुणा शिकाव्या लागतात. अमेरिकेत हूपिंग क्रेन या दुर्मिळ करकोच्यांच्या पिल्लांना पहिल्या वर्षी हलक्या विमानामागून वाट दाखवली. पुढच्या वर्षांत ते स्वतः उडाले, तेव्हा ज्या गटात एखादा वयस्क पक्षी होता तो सरळ वाटेपासून कमी ढळत होता. सगळे वर्षाचे असतील तर जास्त ढळत.

खूण समजून चुकीचा अर्थ लावण्याचाही धोका असतो. भिगवणला येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडताना दऱ्याखोऱ्यांच्या चढउतारांना चिकटून उडतात. ते वाट ओळखण्यासाठी असं वाटतं, पण त्यामागचं मुख्य कारण खालची दाट हवा आहे. उंचावरच्या विरळ हवेत पंख मारायला फार शक्ती लागते.

खुणांशिवाय किती जाता येतं याचं उदाहरण अमूर ससाणा. नागालँडच्या डोयांग जलाशयाजवळ २०१३ पासून काही ससाण्यांवर उपग्रह-प्रेषक बसवले गेले. नोव्हेंबरात ते मध्य भारत आणि महाराष्ट्रावरून येतात आणि पश्चिम किनारा सोडून थेट अरबी समुद्रावर जातात. सोमालियाचा किनारा लागेपर्यंत अडीच हजार किलोमीटरहून जास्त नुसतं पाणी.

शहरातल्या दिव्यांनी काय बिघडतं?

रात्री उडणारा पक्षी प्रखर दिव्याच्या झोतात आला की तिथून बाहेर पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतिदिनी आकाशात सोडल्या जाणाऱ्या दोन झोतांवर रडारने नजर ठेवली. सात वर्षांतल्या सात रात्रींत अकरा लाखांच्या आसपास पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज निघाला. पक्षी गोल गोल फिरत, खाली येत, सतत आवाज काढत. झोत वीस मिनिटं बंद केले की काही मिनिटांत गर्दी पांगे. पुन्हा लावले की पुन्हा जमे.

ढगाळ, धुक्याच्या रात्री हे सर्वांत वाईट होतं, कारण तारे झाकलेले असतात आणि पक्षी खालून उडतात. टॉवरवरचे सतत जळणारे तांबडे दिवे बदलून उघडझाप करणारे लावले, तर मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून कमी होते, असं अमेरिकेत मोजलं गेलं आहे. आपल्याकडे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल या काळात गच्चीवरचे झोत आणि काचेच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्री अकरानंतर बंद ठेवणं हा सर्वांत थेट उपाय.

सकाळी काचेखाली गुंगलेला पक्षी सापडला तर?

पाणी पाजू नका, खायला घालू नका. चोचीत घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला चार-पाच भोकं पाडा, तळाला कापड अंथरा, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोकं सावलीत, शांत जागी ठेवा. अंधारात तो फडफडत नाही, त्यामुळे आणखी इजा होत नाही. तास-दोन तासांनी, काचेच्या इमारतींपासून दूर, झाडीजवळ खोकं उघडा. तरीही उडाला नाही, पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर वनविभागाला किंवा जवळच्या पक्षी उपचार केंद्राला कळवा.

पायात कडी आहे का ते पाहा. असली तर तिच्यावरची अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे उतरवा, शक्य तर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, आणि तारीख, ठिकाण, पक्षी जिवंत की मेलेला हे लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. परदेशी कडी असली तरी त्यांच्यामार्फत ती मूळ ठिकाणी कळवता येते. जिवंत पक्ष्याच्या पायातली कडी काढू नका.